बेसमेंटचा संप भरून वाहिला त्या रात्री: एका अडकलेल्या फ्लोटचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गृहनिर्माण सोसायटीतलं आहे. सोसायटीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घटनेनंतरच्या आठवड्यात कमिटीने मला संप आणि पॅनल बघायला बोलावलं. त्या वेळी वॉचमन मामा, सेक्रेटरी आणि त्या रात्री खाली उतरलेले रहिवासी यांच्याशी सविस्तर बोलणं झालं, त्यावरून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

दोन विंग, सात मजले आणि खाली बेसमेंट पार्किंग. रस्त्यावरून बेसमेंटमध्ये उतरणारा रॅम्प उघडा आहे आणि त्याच्या बाजूला हवेसाठी सोडलेली मोकळी जागाही आहे. पावसाचं पाणी खाली येतं ते या दोन ठिकाणांहून. रॅम्पच्या पायथ्याशी आडवी जाळी आहे. तिच्यातून पाणी शेजारच्या खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये पडतं. संप दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 1.8 मीटर खोल आहे. त्यात दोन-दोन एचपीचे दोन सबमर्सिबल पंप आहेत, एक चालता आणि एक राखीव. पंपाचं पाणी भिंतीवरून वर जाऊन गेटजवळच्या पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये पडतं. हे चेंबर वॉचमनच्या केबिनसमोरच आहे.

पंप चालू-बंद करण्याचं काम फ्लोटकडे आहे. फ्लोट म्हणजे वायरच्या टोकाला लावलेला प्लॅस्टिकचा पोकळ लंबगोल गोळा. त्याच्या आत एक छोटी गोळी आणि स्विच असतो. पाणी कमी असलं की फ्लोट तोंड खाली करून लटकतो. पाणी वाढलं की तो तरंगत वर येतो, कलतो, आतली गोळी घरंगळते आणि स्विच लागतो. वायर जिथे बांधली आहे तिथपासून फ्लोटपर्यंत जेवढी मोकळी सोडली असेल, त्यावर पंप कुठे सुरू होणार आणि कुठे थांबणार हे ठरतं. साधं यंत्र आहे आणि वर्षानुवर्षं चालतं. त्याची एकच अट असते: वर-खाली झुलायला त्याला मोकळी जागा हवी.

या सोसायटीत पंप पाणी बेसमेंटच्या फरशीपासून 90 सेंटीमीटर खाली असताना सुरू व्हावा, अशी मांडणी होती. पॅनलवर ऑटो आणि मॅन्युअल असा फिरवायचा स्विच आहे. शिवाय पाणी फार चढलं तर वाजणारा हूटरही आहे. कागदावर पाहिलं तर यात काही कमी नव्हतं. मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची सर्व्हिसिंगही झाली होती आणि कामाच्या कागदावर दोन्ही पंपांपुढे ‘चालू, ओके’ असा शेरा होता.

त्या रात्री काय झालं

जुलैची रात्र. संध्याकाळपासून भुरभुर होती आणि पावणेबाराच्या सुमारास पावसाने जोर धरला. रात्रपाळीचे वॉचमन मामा केबिनमध्ये होते. मूळचे मराठवाड्यातले, गावाकडे विहिरीवरच्या मोटरी हाताळलेले. मोठा पाऊस सुरू झाला की समोरच्या चेंबरमध्ये पाईपचं पाणी आदळल्याचा आवाज येतो आणि पंप थांबला की पाईपमध्ये ‘धप’ असा आवाज होतो, हे त्यांना माहीत होतं. पंप थांबल्यावर पाणी मागे फिरतं आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बंद होतो, तो हा आवाज. त्या रात्री यातलं काहीच ऐकू आलं नाही. पाऊस कोसळत होता आणि पाईपचं तोंड कोरडं होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी ते टॉर्च घेऊन रॅम्पवरून खाली गेले. पायथ्याशी दोन बोटं पाणी पसरलं होतं. ते पाण्यात न उतरता रॅम्पच्या उतारावरच उभे राहिले आणि संपच्या झाकणाच्या जाळीतून आत टॉर्च मारला. एरवी संप भरत आला की फ्लोटचा नारिंगी गोळा पाण्यावर दिसतो. आता पाणी काठोकाठ होतं, पण गोळा कुठेच नव्हता. त्याची काळी वायर मात्र दिसत होती. ती तिरकी ताणलेली होती आणि दुसऱ्या पंपाच्या पाईपखाली गेली होती.

त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला.

“साहेब, बेसमेंटमध्ये पाणी आलंय. पाईप वाजत नाही.”

“पंप बंद पडला का?”

“पंपाचं माहीत नाही साहेब. पण फ्लोट वर आलेला नाही. वायर पाईपखाली ओढली गेलीय. कुठंतरी अटकलाय.”

हे त्या रात्रीचं पहिलं निदान होतं आणि ते अचूक निघालं. पॅनलवर वीज असल्याचा हिरवा दिवा लागलेला होता. दुसरं कुणी तिथे असतं तर पंप जळला असं समजून पंपवाल्याची वाट पाहत बसलं असतं.

इथे थोडा हिशेब सांगतो, कारण पुढचे निर्णय किती घाईत घ्यावे लागले ते त्यावरून कळतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. रॅम्प आणि बाजूची मोकळी जागा मिळून सुमारे 250 चौरस मीटर भरते. तासाला 40 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस धरला तर खाली येणारं पाणी तासाला 10,000 लिटर होतं. पंप सुरू व्हायच्या पातळीपासून काठापर्यंत संपमध्ये जेमतेम 2,000 लिटर मावतात. म्हणजे पंप लागला नाही तर बारा मिनिटांत संप भरतो आणि मग पाणी पार्किंगमध्ये पसरू लागतं. यांचा एक पंप तासाला साधारण 18,000 लिटर उपसतो. तो चालला असता तर त्या रात्रीच्या पावसाला एकटा पुरून उरला असता.

समोरचे पर्याय

सेक्रेटरींच्या तोंडून फोनवर पहिलं वाक्य निघालं, “मामा, पॅनलवर जाऊन मॅन्युअलवर टाका.” मामांनी नकार दिला. पॅनल रॅम्पपासून चारेक मीटर आत, एका कॉलमवर आहे. तिथे जायचं तर पाण्यातून चालत जायचं आणि पाण्यात उभं राहून चालू पॅनलला हात लावायचा. “आधी वरून लाईट बंद करू साहेब, मग काय ते,” एवढंच ते म्हणाले. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी यालाच मानतो. पंप बुडालेला आहे, त्याच्या केबलचा जोड कसा आहे ते कुणी पाहिलेलं नाही, आणि रात्रीच्या गोंधळात वरिष्ठांचा शब्द पाळायची सवय माणसाला पुढे ढकलत असते. अशा वेळी थांबणं सोपं नसतं.

सेक्रेटरी खाली आले, पाठोपाठ चेअरमन आणि आणखी दोन रहिवासी. रॅम्पच्या वरच्या टोकाला उभं राहून जे बोलणं झालं, त्यात तीन मार्ग पुढे आले.

एक म्हणजे अग्निशमन दलाला 101 वर फोन करायचा. पण अशा पावसात त्यांच्याकडे झाडं पडल्याचे आणि घरांत पाणी शिरल्याचे फोन आधीच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत गेलं तर फोन करायचा, असं ठरलं. दुसरा मार्ग पंपवाल्याला बोलावण्याचा. त्याने फोन उचलला आणि पोहोचायला किमान दीड तास लागेल असं सांगितलं. तिसरा मार्ग म्हणजे वीज तोडून फ्लोट स्वतःच सोडवायचा.

पाणी लिफ्टच्या दिशेने सरकत होतं, त्यामुळे दीड तास हातात नव्हता. तिसरा मार्ग ठरला.

काय केलं

आधी लिफ्ट. दोन्ही लिफ्ट चौथ्या मजल्यावर नेऊन वरच्या मशीन रूममधून बंद केल्या. पाणी वाढताना लिफ्ट तळाशी असली तर डब्याखालची उपकरणं भिजतात, आणि माणूस आत असेल तर तो थेट पाण्यात उतरतो.

मग वीज. मीटर रूम सुदैवाने तळमजल्यावर आहे. बेसमेंटचा मेन स्विच तिथून खाली केला. बेसमेंटचे दिवे गेले, पॅनलवरचा हिरवा दिवाही विझला. सगळे खाली जायला निघाले, तेवढ्यात बी विंगमधल्या एका ताईंनी अडवलं. त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर आहे. “थांबा, चार्जिंगचे पॉइंट या मेनवर नाहीत. ते आमच्या घरच्या मीटरवर आहेत.” बेसमेंटमध्ये असे तीन पॉइंट होते आणि एकावर गाडी चार्जिंगला लावलेली होती. मेन स्विच पाडूनही त्या तीन जागी वीज जिवंत होती. पॅनलवरचा दिवा विझलेला पाहून सगळ्यांना वाटलं होतं की खाली आता कुठेच करंट नाही. मीटर रूममध्ये त्या वायरींवर फ्लॅटचे नंबर लिहिलेले होते, म्हणून तिन्ही एमसीबी लगेच सापडल्या आणि पाडल्या.

चेअरमन मीटर रूमच्या दारात उभे राहिले, म्हणजे कुणी चुकून स्विच वर करणार नाही. सेक्रेटरी आणि मामा खाली गेले. एव्हाना संपजवळ पाणी घोट्याच्या वर आलं होतं आणि गढूळ होतं, त्यामुळे संपचं झाकण कुठे संपतं ते दिसत नव्हतं. मामांनी सोबत बांबू घेतला होता. पाऊल टाकण्याआधी ते बांबूने जमीन चाचपत होते. झाकणाचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवला. सेक्रेटरींनी एका हातात टॉर्च धरला आणि दुसऱ्या हाताने मामांचा पट्टा.

मामांनी बांबूच्या टोकाला जाड तारेचा आकडा बांधला होता. तो पाण्यात घालून त्यांनी फ्लोटची वायर हुडकली आणि हळूच आपल्याकडे ओढली. वायर हलेना. मग ओढायचं सोडून त्यांनी ती खाली दाबली. फ्लोट पाईपच्या जोडावरच्या रुंद कड्याखाली, म्हणजे फ्लँजखाली, तोंड खाली करून अडकला होता आणि पाणी त्याला वर ढकलत होतं, त्यामुळे वर ओढलं की तो आणखीच घट्ट बसत होता. खाली दाबून बाजूला सरकवल्यावर तो सुटला आणि नारिंगी गोळा पाण्यावर उसळला.

दोघंही पाण्याबाहेर आले, रॅम्पवर चढले आणि मग चेअरमनना सांगितलं. त्यांनी वरून मेन स्विच वर केला. चार्जिंगच्या एमसीबी पाडलेल्याच ठेवल्या. दोन-तीन सेकंदांत पंप लागला आणि गेटजवळच्या चेंबरमध्ये पाण्याचा लोट आदळायला लागला. घड्याळात बाराला पन्नास मिनिटं उलटली होती.

परिणाम

फ्लोट सुटला तेव्हा बेसमेंटमध्ये साडेआठ ते नऊ हजार लिटर पाणी साचलं असावं. पाऊस सव्वा वाजेपर्यंत तसाच होता, त्यामुळे सुरुवातीला पाणी उतरल्याचं जाणवत नव्हतं. पंप उपसत होता तेवढ्यातलं निम्म्याहून जास्त पाणी रॅम्पवरून परत येत होतं. पाऊस कमी झाल्यावर मात्र पाणी भराभर ओसरलं आणि पावणेदोनपर्यंत फरशी दिसू लागली.

एका लिफ्टच्या खड्ड्यात थोडं पाणी गेलं होतं. ते उपसून, मेकॅनिकने तपासून, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती सुरू केली. चार दुचाकींच्या चाकांपर्यंत पाणी आलं, पण नुकसान झालं नाही. खालच्या एका कपाटातले सणांच्या सजावटीचे खोके भिजले. कुणाला इजा झाली नाही.

फ्लोट अडकला कसा

संप रिकामा करून पाहिल्यावर कारण सापडलं. फ्लोटची वायर भिंतीवरच्या ब्रॅकेटला बांधलेली असायला हवी. मेमध्ये सर्व्हिसिंगसाठी पंप वर काढले, तेव्हा ती सोडावी लागली होती. परत बसवताना ती ब्रॅकेटऐवजी दुसऱ्या पंपाच्या पाईपला प्लॅस्टिकच्या टायने बांधली गेली. पंप सुरू होताना पाईपला झटका बसतो. अशा झटक्यांनी टाय खाली घसरली, वायर जास्त मोकळी झाली आणि फ्लोट फ्लँजच्या खाली झुलू लागला. पाणी वेगाने चढलं त्या रात्री तो तिथेच अडकला.

मग जूनमध्ये हे लक्षात कसं आलं नाही? जूनमध्ये पाऊस किरकोळ होता. दिवसपाळीचा इलेक्ट्रिशियन आला की संपमधलं थोडं पाणी मॅन्युअलवर उपसून जायचा. मेमधली चाचणीही मॅन्युअलवरच झाली होती: स्विच फिरवला, पंप लागला, पाणी बाहेर पडलं, ‘ओके’. पंप तपासला गेला होता. फ्लोट मात्र कुणीच तपासला नव्हता.

यापेक्षा गंभीर गोष्ट पॅनल उघडल्यावर दिसली. चालता पंप, राखीव पंप आणि हूटर हे तिन्ही एकाच फ्लोटवर जोडलेले होते. चालता पंप लागला नाही तर राखीव लागावा आणि पाणी चढलं तर हूटर वाजावा, ही सगळी व्यवस्था त्या एका गोळ्याने वर येण्यावर टिकून होती. तो अडकला आणि तिन्ही गोष्टी एकदम गप्प झाल्या. राखीव पंपावर सोसायटीने खर्च केला होता, पण त्या रात्री तो असून नसल्यासारखाच होता.

वेगळं काय करता आलं असतं

त्या रात्रीपुरतं बोलायचं तर माझा एका जागी मतभेद आहे. वीज तोडल्यावर संपच्या तोंडाशी जाऊन फ्लोट सोडवण्याची गरज नव्हती. पॅनल मृत असताना तिथला स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवायचा, सगळ्यांनी रॅम्पवर यायचं आणि मग मीटर रूममधून वीज द्यायची. पंप फ्लोटला न विचारता सुरू झाला असता. अर्थात मॅन्युअलवर पंप आपोआप थांबत नाही. पाणी संपल्यावर कोरडा चालला तर जळू शकतो. पण त्यासाठी एक माणूस चेंबरजवळ आणि एक मेन स्विचजवळ उभा राहिला असता तर भागलं असतं. पाईपमधून पाण्याऐवजी हवा आणि फेस येऊ लागला की स्विच खाली करायचा. फ्लोट सकाळी उजेडात सोडवता आला असता. गढूळ पाण्यात, रात्री, पावणेदोन मीटर खोल उघड्या खड्ड्याच्या काठावर बांबू घेऊन वाकणं हा धोका विजेच्या धोक्याइतकाच खरा होता. तो निभावला तो मामांच्या सावधपणामुळे. पण दर वेळी तिथे असाच माणूस असेल, असं धरून चालता येत नाही.

दुसरी गोष्ट मेन स्विचची. चेअरमन दारात उभे होते हे चांगलंच झालं, पण स्विचला कुलूप लावण्याची सोय असती तर आणखी बरं. ती आता केली आहे. कुलपाची किल्ली खाली उतरणाऱ्या माणसाच्या खिशात असते.

बाकीचे बदल संप आणि पॅनलमधले. आता तीन फ्लोट आहेत. पहिला चालत्या पंपाचा. दुसरा त्याच्या वीस सेंटीमीटर वर, राखीव पंपाचा. तिसरा आणखी वर, फक्त हूटरचा. हूटरला स्वतःची बॅटरी आहे आणि तो वॉचमनच्या केबिनमध्ये वाजतो. पूर्वी तो बेसमेंटमध्ये होता, जिथे रात्री ऐकायला कुणीच नसतं. तिन्ही वायरी भिंतीवरच्या ब्रॅकेटला धातूच्या क्लॅम्पने बांधल्या आहेत, आणि प्रत्येक फ्लोट पूर्ण झुलला तरी पाईपला लागणार नाही एवढं अंतर मोजून घेतलं आहे. कमिटीत कुणीतरी फ्लोटऐवजी पातळी ओळखणारे प्रोब लावायचं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. पार्किंगच्या पाण्यात चिखल आणि गाड्यांचं तेल असतं, त्याचा थर प्रोबवर बसला की तेही फसतात, आणि ते फसलेत हे टॉर्च मारून दिसत नाही.

चाचणीची पद्धत पूर्ण बदलली. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात दर महिन्याला, स्विच ऑटोवर ठेवून संपमध्ये होज पाईपने पाणी सोडतात आणि पंप आपोआप लागेपर्यंत थांबतात. मग पहिल्या पंपाची एमसीबी पाडून पाणी सोडत राहतात, म्हणजे दुसरा लागतो का ते कळतं. शेवटी दोन्ही बंद ठेवून हूटर वाजेपर्यंत. पाणी कोणत्या खुणेवर असताना काय लागलं, ते वहीत लिहितात. याला पाऊणएक तास लागतो. सर्व्हिसिंगवाल्याच्या कागदावर आता ‘ओके’ चालत नाही, तिन्ही पातळ्यांचे आकडे लागतात. त्याच्याशी भांडायचं की नाही यावर कमिटीत बराच वाद झाला होता. शेवटी काम त्याच्याकडेच ठेवलं आणि कागद बदलला. मला ते पटलं, कारण फ्लोट तपासून द्या असं सोसायटीने त्याला कधी लिहून दिलंच नव्हतं.

एक विषय अजून बाकी आहे. मुसळधार पावसात वीज जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते आणि सोसायटीच्या जनरेटरवर फक्त एक लिफ्ट आणि जिन्याचे दिवे आहेत. त्या रात्री वीज गेली असती तर फ्लोट मोकळा असूनही पंप लागला नसता. जनरेटरची क्षमता एक पंप पेलण्याएवढी आहे. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, ते धरूनही. फक्त वायर ओढून चेंजओव्हर बसवायचा आहे. कोटेशन आलं आहे आणि विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या यादीत आहे.